आधी स्लॅग, मग लोखंड

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडचा डोंगर आहे. त्याला मध्यबिंदू धरून नकाशा पाहिला, तर लोखंडाच्या दोन इतिहासांच्या मधोमध आपण उभे आहोत हे लक्षात येतं. पूर्वेला, छत्तीसगडची हद्द ओलांडून, दल्ली राजहराचे डोंगर लागतात. तिथलं खनिज भिलाईच्या झोतभट्ट्यांत जातं, आणि भिलाईची पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. नैर्ऋत्येला चंद्रपूर जिल्ह्यातलं लोहारा आहे. तिथलं खनिज राजहराइतकंच दमदार. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने त्याबद्दल लिहिलेला अहवाल वाचूनच जमशेटजी टाटांच्या मनात पोलाद कारखान्याचा विचार रुजला. तरीही लोहाऱ्याजवळ मोठी भट्टी उभी राहिली नाही. खनिज चांगलं म्हणजे लोखंड झालंच, असा आपल्याकडे सर्रास समज असतो. झोतभट्टीच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला तो समज पटत नाही. खनिजातून लोह सुटं करणं हे या कामाचं सोपं अंग आहे. अवघड अंग आहे ते खनिजातल्या आणि कोळशातल्या दगडाचं काय करायचं, हे. त्या दगडाचं जे होतं त्याला आम्ही स्लॅग म्हणतो, आणि माझं म्हणणं असं की भट्टीवाला खरं म्हणजे स्लॅग बनवत असतो; ती नीट बनली की लोखंड तिच्याखाली तयार असतंच.

हे म्हणणं पटायचं तर भट्टीच्या वरच्या तोंडापासून खाली यावं लागेल. खनिज, सिंटर आणि कोक यांचे थर वरून पडतात आणि सहा-आठ तासांत खाली उतरतात. तळाजवळच्या ट्वियरांतून फुंकलेल्या गरम हवेचा वायू मात्र काही सेकंदांतच वर पोहोचतो. या उलटसुलट प्रवासात वायूतला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने काढून घेतो. वरच्या भागात, साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला, हेमाटाइटचं मॅग्नेटाइट होतं. आणखी खाली मॅग्नेटाइटचं वुस्टाइट, म्हणजे ढोबळमानाने FeO, होतं. हे दोन टप्पे थोड्याशा मोनॉक्साइडवरही पार पडतात. शेवटचा टप्पा, FeO + CO → Fe + CO₂, मात्र हट्टी असतो. ९०० अंशांच्या आसपास १०० भाग मोनॉक्साइडपैकी जेमतेम ३० भाग या कामी येतात. त्यापुढे समतोल साधला जातो आणि क्रिया थांबते. उरलेले ७० भाग वर जातात आणि वरचे दोन सोपे टप्पे पार पाडतात. म्हणजे भट्टी उंच असण्याचं एक कारण समतोलाच्या या आकड्यात आहे: खाली जो वायू अपुरा ठरतो, तोच वर पुरून उरतो. भट्टीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वायूतही इतका मोनॉक्साइड शिल्लक असतो की त्यावर हवा तापवण्याचे स्टोव्ह चालतात.

साधारण १००० अंशांचा पट्टा ओलांडून खाली उतरल्यावर चित्र बदलतं. वरच्या भागात कोक केवळ साक्षीदार असतो; इथे तो स्वतः कामाला लागतो. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड कोकशी भिडून पुन्हा मोनॉक्साइड होतो, आणि हिशेब करता वुस्टाइटमधला ऑक्सिजन थेट कार्बनने काढल्यासारखं होतं. या क्रियेला उष्णता फार लागते. वायूने केलेलं क्षपण जवळपास फुकटात पडतं, कार्बनने केलेलं महाग पडतं. म्हणून भट्टी सांभाळणारा माणूस शक्य तितकं क्षपण वरच्या भागातच उरकून घ्यायला बघतो. थरांमधून वायू सगळीकडे सारखा फिरतो आहे का, कुठे खनिजाचा भुगा होऊन वाट अडली आहे का, कुठे वायूला पळवाट मिळाली आहे का, हे तो तोंडावरच्या तापमानांवरून आणि वायूच्या पृथक्करणावरून वाचत राहतो.

इथपर्यंतच्या कामाला झोतभट्टीच लागते असं मात्र नाही. याचा पुरावा विदर्भातच आहे. चंद्रपूरजवळ घुग्घुसला स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्ट्या चालतात. त्यांना कोक लागत नाही. कोक होऊ न शकणारा साधा कोळसा पुरतो. साधारण १००० अंशांवर खनिजातला बहुतेक ऑक्सिजन निघून जातो आणि हाती येतं ते धातुरूप लोह. पण त्या ढेकळाचा तुकडा फोडून तपासला, तर खनिजातली सिलिका आणि ॲल्युमिना जिथल्या तिथे सापडतात. काहीच वितळलेलं नसल्यामुळे काहीच वेगळं झालेलं नसतं. पुढे विजेच्या भट्टीत तो स्पंज वितळवला जातो तेव्हाच तो दगड बाहेर पडतो, आणि तोही स्लॅगच्याच रूपाने. क्षपण आणि शुद्धीकरण ही दोन निराळी कामं आहेत हे इतकं उघड दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा पुरावा त्याहून जुना आहे. लोहाऱ्याच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात लाकडी कोळशाच्या लहान भट्ट्या चालत. भात्याच्या जोरावर चालणाऱ्या त्या मातीच्या भट्टीतही ऑक्सिजन काढणारा वायू कार्बन मोनॉक्साइडच होता. क्षपणाचं रसायन तेच. फरक होता तो स्लॅगमध्ये. त्या भट्टीत चुना घालत नसत. खनिजातल्या सिलिकेला पातळ व्हायला जोडीदार हवा असतो, आणि चुना नसला की तो जोडीदार लोहाचाच ऑक्साइड होतो. दोन भाग FeO आणि एक भाग सिलिका यांचं मिश्रण १२०० अंशांच्या आसपास वितळतं; लहान भट्टीला ते तापमान गाठता येतं. ती काळी, जड स्लॅग वाहून जाई आणि लोहाचा मऊ गोळा मागे उरे, जो ठोकून ठोकून साफ केला जाई. म्हणजे दगड काढण्याची किंमत लोहानेच मोजावी लागे. अशा कित्येक जुन्या भट्ट्यांच्या स्लॅगमध्ये आजही अर्ध्याच्या आसपास लोह-ऑक्साइड सापडतो. झोतभट्टीने केलेली खरी क्रांती मी याच ठिकाणी मानतो: स्लॅगमधली लोहाची जागा चुन्याने घेतली. आधुनिक भट्टीच्या स्लॅगमध्ये लोह-ऑक्साइड एक टक्क्याच्याही खाली असतो.

यावर कोणी म्हणेल की फरक चुन्याचा नसून तापमानाचा आहे. कोक आणि गरम हवेने १५०० अंश गाठता आले म्हणून सगळं जमलं. आक्षेप अर्धा बरोबर आहे. चुन्याची स्लॅग लोहाच्या स्लॅगपेक्षा जास्त तापमानालाच वाहते, तेव्हा तापमान हवंच. पण निव्वळ तापमान वाढवून चुना घातला नाही, तर काय होईल याचा विचार करावा. उंच, तापलेल्या, कार्बनने भरलेल्या भट्टीत लोहाचा ऑक्साइड टिकतच नाही, त्याचं लोखंड होतं. मग सिलिकेला पातळ ठेवणारं काहीच उरत नाही. सिलिका एकटी १७०० अंशांच्या वर वितळते, ॲल्युमिना २००० च्याही वर. दोन्ही तशाच राहिल्या तर तळाशी घट्ट राड होऊन भट्टी बसेल. खुद्द चुनाही एकटा २५०० अंशांच्या वर वितळतो. तिघे आणि थोडा मॅग्नेशिया योग्य प्रमाणात एकत्र आले, की १३०० ते १४०० अंशांदरम्यान रस तयार होतो. तापमान आणि चुना यांची निवड एकाच वेळी करावी लागते.

आता प्रमाणाचा हिशेब मांडून पाहू, कारण या कामातलं शहाणपण हिशेबातच आहे. समजा आपल्याकडचं खनिज ६२ टक्के लोहाचं आहे, त्यात ४ टक्के सिलिका आणि २ टक्के ॲल्युमिना आहे. एक टन हॉट मेटलमध्ये ९४० किलो लोह धरलं (उरलेलं बहुतांशी कार्बन, थोडं सिलिकॉन), तर १५१५ किलो खनिज लागेल. त्याच्यासोबत साधारण ६० किलो सिलिका आणि ३० किलो ॲल्युमिना भट्टीत येईल. कोक ५०० किलो धरू, त्यात १५ टक्के राख. त्या ७५ किलो राखेतून आणखी ४० किलो सिलिका आणि २० किलो ॲल्युमिना येईल. म्हणजे ज्याला आपण इंधन म्हणतो, ते आपल्या दगडाचा भला मोठा वाटा घेऊन येतं. तळाशी थोड्या सिलिकेचं सिलिकॉन होऊन ते लोखंडात जातं. त्यात १५ किलोच्या आसपास सिलिका खर्च झाली. स्लॅगच्या वाट्याला उरली ८५ ते ९० किलो सिलिका आणि ५० किलो ॲल्युमिना. सिलिकेपेक्षा चुना किंचित जास्त ठेवायचा, म्हणून ९० किलोच्या आसपास चुना, आणि प्रवाहीपणासाठी नऊ टक्के मॅग्नेशिया. भिलाईत चुना नंदिनीच्या चुनखडीतून आणि मॅग्नेशिया हिर्रीच्या डोलोमाइटमधून येत आला आहे; त्याचा मोठा भाग सिंटरमध्येच मिसळून भट्टीत जातो. सगळं मिळून टनामागे २५५ किलोच्या आसपास स्लॅग झाली, आणि तिच्यातली ॲल्युमिना २० टक्क्यांना टेकली.

आता खनिजातली ॲल्युमिना २ वरून ३ टक्के झाली एवढाच बदल करा. कागदावर एक टक्का किरकोळ वाटतो. स्लॅगमध्ये मात्र १५ किलो ॲल्युमिना वाढते आणि तिचं प्रमाण २४ टक्क्यांवर जातं. अशी स्लॅग चिकट होते, कोकच्या फटींतून खाली झिरपायला नकार देते, आणि वर जाणारा वायू तिच्यात अडकतो. प्रमाण पुन्हा २० टक्क्यांवर आणायचं तर मुद्दाम क्वार्टझाइटची, म्हणजे निव्वळ सिलिकेची भर घालावी लागते, तिला साजेसा चुना घालावा लागतो, आणि एकूण स्लॅग ३३० किलोच्या घरात जाते. पंधरा किलो ॲल्युमिनापायी पंच्याहत्तर किलो जादा स्लॅग वितळवायची, तिच्यासाठी जादा कोक जाळायचा, आणि त्या कोकची राख पुन्हा स्लॅगमध्ये मोजायची. आपल्याकडचं खनिज लोहाने श्रीमंत असूनही परदेशी भट्ट्यांच्या तुलनेत इथली स्लॅग अवघड का ठरते, याचं उत्तर या एका टक्क्यात आहे. कोकच्या कोळशाची आयात का करावी लागते, याचं निम्मं उत्तरही राखेच्या याच हिशेबात आहे.

स्लॅगचं दुसरं काम गंधकाचं. ५०० किलो कोकमध्ये ०.६ टक्के गंधक असेल, तर टनामागे ३ किलो गंधक भट्टीत आलं. लोखंडात ०.०५ टक्क्याहून जास्त नको असेल, तर त्यातलं फक्त अर्धा किलो लोखंडात राहू द्यायचं आणि अडीच किलो स्लॅगमध्ये पाठवायचं. हे काम तळाशी होतं. लोखंडाचे थेंब स्लॅगच्या थरातून खाली उतरतात तेव्हा लोहाला चिकटलेलं गंधक चुन्याला जाऊन मिळतं आणि कॅल्शियम सल्फाइड होतं. सुटलेला ऑक्सिजन कार्बन घेऊन जातो. त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: भरपूर चुना, भरपूर उष्णता आणि ऑक्सिजनचा अभाव. म्हणून भट्टी गार पडायला लागली की पहिली बातमी गंधक देतं. धार सोडल्यावर स्लॅग काळपट दिसते, कारण क्षपण न झालेला लोह-ऑक्साइड तिच्यात उतरलेला असतो. लोखंडात सिलिकॉन घटतं, गंधक चढतं. ट्वियरच्या काचेतून पाहिलं तर न वितळलेले काळे गोळे पडताना दिसतात. प्रयोगशाळेचा आकडा येईपर्यंत अनुभवी माणसाने स्लॅगचा नमुना सळईवर घेऊन पाहिलेला असतो. सिलिका जास्त असेल तर ती लांब काचेसारखा धागा ओढते. चुना जास्त असेल तर धागा तुटतो, आणि थंड झाल्यावर ती दगडासारखी दिसते. चुना फारच वाढला तर थंड होताना तिचा आपोआप भुगा होतो.

मग चुना वाढवतच का नेऊ नये? एक अडचण आधीच सांगितली: चुना वाढला की वितळण्याचं तापमान वाढतं. दुसरी अडचण कमी चर्चिली जाते, पण भट्टीला जास्त छळते. कोळशाच्या राखेतून आणि खनिजातून पोटॅशियम आणि सोडियम थोड्या प्रमाणात येतात. तळाच्या उष्णतेत त्यांची वाफ होते, वर गेल्यावर गारठून ती थरांवर आणि भिंतींवर बसते, पुन्हा खाली येते. असं चक्र फिरत राहतं आणि आत साठा वाढत जातो. कोक ठिसूळ होतो, भिंतीवर पापुद्रे चढतात. हे अल्कली बाहेर नेण्याचा मोठा मार्ग स्लॅगच, आणि तिला ते जमतं ते चुना कमी असताना. गंधकाला हवी तशी स्लॅग अल्कलीला नको असते. त्यामुळे भट्टीवाला कोणत्याही एका बाजूचं टोक गाठत नाही. तो मधली वाट धरतो, आणि अल्कली फार साठले तर काही काळ मुद्दाम चुना कमी करून भट्टी धुऊन घेतो. तेवढ्या काळात लोखंडातलं गंधक वाढणार, हे आधीच धरून चालावं लागतं.

इथे एक जोरकस आक्षेप येतो. आजकाल गंधक भट्टीबाहेर, लॅडलमध्ये मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम कार्बाइड सोडून काढता येतं. मग भट्टीतल्या स्लॅगवर एवढा भार का टाकायचा? बाहेर गंधक काढण्याची सोय आल्यामुळे चुना थोडा कमी ठेवता येतो आणि स्लॅगचं प्रमाण घटवता येतं, हे मला मान्य आहे. पण बाहेरची प्रक्रिया ०.०५ वरून ०.०१ वर आणण्यासाठी परवडते. स्लॅगने अडीच किलो काढलेच नाहीत आणि तीनही किलो लॅडलमध्ये आले, तर ती प्रक्रिया वेळेत आणि खर्चात बसत नाही. आणि मुख्य म्हणजे दगड वितळवून बाहेर काढण्याचं काम लॅडल करूच शकत नाही. आणखी एक आक्षेप असा की एवढी स्लॅग म्हणजे कचराच. पाण्याच्या झोताखाली झटकन थंड केलेली स्लॅग काचमय दाणे होऊन सिमेंटमध्ये जाते. भिलाईच्या शेजारी जामूलचा सिमेंट कारखाना त्याच आधारावर चालत आला. पण सिमेंटला जाते म्हणून स्लॅग वाढली तरी चालेल, हा युक्तिवाद मी मान्य करत नाही. दगड खनिज धुऊन आणि कोळसा धुऊन बाहेरच ठेवावा, आणि जो आत आला त्याच्यासाठी मात्र पूर्ण हिशेबाची स्लॅग बनवावी.

माझ्या म्हणण्याची मर्यादाही सांगायला हवी. स्फुरदापुढे झोतभट्टीची स्लॅग हात टेकते. खनिजातला फॉस्फरसचा ऑक्साइड तळाच्या कार्बनपुढे टिकत नाही. तो जवळपास सगळा लोखंडात उतरतो. खनिजात ०.०६ टक्के स्फुरद असेल, तर लोखंडात ते ०.०९ च्या आसपास दिसणार, आणि चुना कितीही घातला तरी तो आकडा हलणार नाही. कारण स्फुरदाला स्लॅगमध्ये धरून ठेवायला चुन्याबरोबर ऑक्सिजनही लागतो, आणि झोतभट्टीचं सगळं बळ ऑक्सिजन काढण्यात आहे. ते काम पुढे कन्व्हर्टरमध्ये होतं, जिथे ऑक्सिजन फुंकला जातो आणि स्लॅगमध्ये पुन्हा लोह-ऑक्साइड असतो. लोहाऱ्याच्या जुन्या भट्टीची लोहाने भरलेली स्लॅग या एका बाबतीत झोतभट्टीला सरस होती. लोह गमावून ती स्फुरदाचा काही भाग घेऊन जात असे. एकाच स्लॅगकडून गंधक आणि स्फुरद दोन्ही काढून घेण्याची अपेक्षा रसायनाला मान्य नाही, म्हणून पोलाद दोन भट्ट्यांत बनतं.

लोहाऱ्याकडे पुन्हा पाहिलं तर तिथे काय अडलं हे आता नेमकं सांगता येतं. खनिज उत्तम होतं, मोनॉक्साइड जिल्ह्यातल्याच वरोऱ्याच्या कोळशातूनही निघाला असता. घुग्घुसची भट्टी तशाच जातीच्या कोळशावर क्षपण करून दाखवते. पण वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नव्हता. १२०० अंशांच्या पुढच्या पट्ट्यात, जिथे खनिज मऊ होऊन थर लोळागोळा होतो, तिथे घट्ट राहून वायूला वर आणि स्लॅगला खाली वाट देणारी एकमेव वस्तू कोक असते. तो नसला की स्लॅग वेगळी व्हायला जागाच नसते. टाटांचा शोध मग चंद्रपूरहून राजहराकडे आणि तिथून कोळशाच्या जवळ, पूर्वेकडे सरकला. तिथे त्यांच्या साकचीच्या भट्टीतून २ डिसेंबर १९११ ला लोखंड निघालं.

अलीकडे हायड्रोजनने लोखंड बनवण्याची चर्चा आहे आणि त्यामुळे स्लॅगचा प्रश्न संपेल असं काही जण म्हणतात. वर मांडलेल्या हिशेबात हे तपासता येतं. कोक गेला की त्याची राख गेली: ४० किलो सिलिका आणि २० किलो ॲल्युमिना कमी झाली, आणि तीन किलो गंधकही गेलं. हा लाभ मोठा आहे. पण खनिजातली ६० किलो सिलिका आणि ३० किलो ॲल्युमिना यांना हायड्रोजन हात लावू शकत नाही. ती स्पंजमध्ये जशीच्या तशी राहते आणि विजेच्या भट्टीत तिच्यासाठी चुना लागतोच. शिवाय त्या भट्टीत कार्बन कमी असेल, तर स्लॅगमध्ये लोह-ऑक्साइड पुन्हा वाढतो आणि लोह हातचं जायला लागतं. म्हणून हायड्रोजनच्या मार्गाने जाणाऱ्या कारखान्यांना ६७ टक्क्यांच्या वरचं खनिज हवं असतं, आणि राजहरा असो की गडचिरोलीतलं सुरजागड, खाणीतून निघालेल्या खनिजाचा पहिला प्रश्न लोह किती यापेक्षा ॲल्युमिना किती, हाच राहतो.